रॉकेट पोचेपर्यंत तो कुठे असेल?

आबाधोबी खेळलेल्या कुणालाही ठाऊक असतं, की पळणाऱ्या गड्याच्या पाठीवर नेम धरला तर चेंडू त्याच्या मागून निघून जातो. आता हातात चेंडूऐवजी टॉर्च आहे असं समजा. बटण दाबताक्षणी झोत त्याच्या पाठीवर. शूटर गेममधल्या बंदुकांचे हेच दोन वंश आहेत. टॉर्चच्या जातीची ती हिटस्कॅन, चेंडूच्या जातीची ती प्रोजेक्टाइल.

हिटस्कॅन बंदुकीतून खरं तर काही सुटतच नाही. चाप ओढला, की गेम नळीच्या दिशेने एक अदृश्य सरळ रेषा ओढतो. त्या रेषेवर जे पहिलं आडवं येईल, भिंत असो वा माणूस, त्याला गोळी लागली अशी नोंद होते. पडद्यावर दिसणारी चमकती रेघ नंतरची सजावट असते. निकाल आधीच लागलेला असतो. प्रोजेक्टाइलमध्ये मात्र गोळी ही खेळातली खरी वस्तू असते. ती दर क्षणी थोडी पुढे सरकते आणि वाटेत कशाला धडकली का, हे गेम पुन्हा पुन्हा तपासतो.

१९९९ साली आलेल्या ‘क्वेक थ्री अरीना’मध्ये या दोन्ही जाती शेजारी शेजारी नांदतात. तिथली रेलगन हिटस्कॅन आहे. रॉकेट लाँचरचं रॉकेट सेकंदाला ९०० एकक जातं. खेळाडू सेकंदाला ३२० एकक पळतो आणि त्याची रुंदी ३० एकक धरलेली आहे. समजा तो तुमच्यापासून ९०० एककांवर, डावीकडून उजवीकडे आडवा पळतोय. रॉकेट पोचायला सेकंदाहून किंचित जास्त वेळ लागेल आणि तेवढ्यात तो सुमारे ३४० एकक पुढे गेलेला असेल. म्हणजे नेम त्याच्यावर नव्हे, त्याच्या पुढे अकरा माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहतील इतक्या मोकळ्या जागेवर धरायचा. खेळणारे याला ‘लीड देणं’ म्हणतात.

यातली गंमत पुढे आहे. अंतर निम्मं केलं तर वेळ निम्मा होतो आणि लीडही निम्मी होते. पण निम्म्या अंतरावरून पाहताना तीच निम्मी लीड डोळ्याला आधीइतकीच मोठी दिसते. म्हणून आडव्या पळणाऱ्यासाठी नेम किती अंशांनी पुढे न्यायचा, हे अंतरावर नाही, दोन वेगांच्या गुणोत्तरावर ठरतं. क्वेकच्या रॉकेटसाठी हा कोन सुमारे २१ अंश, गडी जवळ असो वा लांब. मुरलेला खेळाडू मनात भागाकार करत नाही. त्या शस्त्राची पडद्यावरची फट त्याच्या मनगटात बसलेली असते. समोरचा तिरका पळत असेल तर ती कमी करायची, थेट अंगावर येत असेल तर शून्य.

‘पबजी’सारख्या गेममध्ये मात्र हा सोपा नियम थोडा मोडतो, कारण तिथे गोळी जाता जाता मंदावते आणि खालीही झुकते. कार-९८ बंदुकीची गोळी सेकंदाला ७६० मीटरने निघते. तीनशे मीटरवर पोचायला तिला ०.४ सेकंद तरी लागतात. तेवढ्यात धावणारा गडी सुमारे अडीच मीटर सरकतो.

सगळ्या हिशेबात गृहीत एकच, की समोरचा वाट बदलणार नाही. तो तर बदलतोच! सेकंदभर हवेत असलेलं रॉकेट त्याला दिसतं आणि तो उलट फिरतो. त्यामुळे लांबून रॉकेट मारणं म्हणजे बहुधा दारूगोळ्याची उधळपट्टी, असं माझं मत आहे. जाणते खेळाडू अंगावर न मारता पायाजवळच्या जमिनीवर मारतात, कारण स्फोटाची झळ १२० एककांपर्यंत पोचते आणि नेम थोडा चुकला तरी चालतो. किंवा ते त्याच्या उडीची वाट पाहतात. क्वेकमधली साधी उडी ०.६८ सेकंद टिकते आणि हवेत वाट फारशी बदलता येत नाही. तो कुठे उतरणार हे त्यानेच सांगून टाकलेलं असतं.

हिटस्कॅनला लीड लागतच नाही, असं मात्र समजू नका. ऑनलाइन खेळताना तुमचा चाप सर्व्हरपर्यंत पोचायला वेळ लागतो. मूळ ‘क्वेक थ्री’ हा उशीर भरून काढत नसे. पिंग १०० मिलिसेकंद असेल तर तेवढ्यात समोरचा ३२ एकक, म्हणजे जवळजवळ स्वतःच्या रुंदीइतका सरकलेला असे आणि रेलगनचा बिनचूक नेमही वाया जाई. आज अनेक गेमचे सर्व्हर चाप ओढला त्या क्षणी तुमच्या पडद्यावर कोण कुठे होतं, ते घड्याळ मागे फिरवून तपासतात. त्याचा भुर्दंड दुसऱ्याला पडतो. भिंतीआड पोचलेला गडी आपल्या पडद्यावर सुखरूप असतो, आणि तरीही मरतो.