लाईट गेल्यावर फ्रीजचं दार

३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा दापोलीकडच्या आमच्या घरातली लाईट सकाळी अकराला गेली आणि विसाव्या दिवशी आली. कौलं उडालेली, माड आडवे झालेले, त्यात फ्रीजची आठवण कोणाला? पण दुपारी वारा पडला आणि सासूबाईंना बांगडे आठवले. बंदी लागायच्या आधी घेऊन बर्फाच्या कप्प्यात भरून ठेवले होते, दोनेक किलो. त्यांनी दार उघडलं, हात लावून पाहिलं, "घट्ट आहेत गं," म्हणाल्या आणि बंद केलं. तासाभराने पुन्हा उघडलं. रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा.

आमच्या बांगड्यांचं पुढे सांगते. आधी शेजारच्यांचं. त्यांनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, म्हणजे लाईट जाऊन तीस तास झाल्यावर, कप्प्यातले बांगडे काढून तिखट-मीठ लावून तळले. वास नव्हता, मासा दिसायलाही बरा होता. जेवून अर्धा तास झाला नसेल तोच घरातल्या दोघांचे चेहरे लालभडक झाले, अंगाला खाज सुटली, डोकं ठणकायला लागलं. त्यांना वाटलं, अंगावर पित्त उठलं.

ते पित्त नव्हतं. बांगडा, कुपा, सुरमई या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं द्रव्य भरपूर असतं. मासा थंडीतून बाहेर आला की जिवाणू त्याचं हिस्टामाइन करतात, आणि ॲलर्जीत शरीर जे सोडतं तेच हे द्रव्य. ते एकदा तयार झालं की तळून जात नाही, उकळून जात नाही, पुन्हा गोठवूनही जात नाही. मासा नासल्याचा वास यायच्या आधीच ते पुरेसं साठलेलं असू शकतं. म्हणजे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेली नाकाची परीक्षा इथे नापास होते. शिळ्या भाताचंही तसंच. भातात वाढणाऱ्या एका जिवाणूचं विष फोडणीच्या आचेला दाद देत नाही.

वादळानंतर मी फ्रीजमध्ये ठेवायचा थर्मामीटर आणला. जगभर सांगितला जाणारा हिशोब असा आहे: बंद दाराचा फ्रीज चार तास धरतो. वेगळा, गच्च भरलेला फ्रीजर ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास. दूध, शिजवलेलं अन्न, मासे, मटण ४ अंशांच्या वर दोन तासांहून जास्त राहिलं की ते टाकायचं. हे आकडे आमच्या घराला कितपत लागू पडतात ते मला बघायचं होतं.

लाईट नेहमीसारखी गेली त्या एका दिवशी पाहिलं. घरात ३१ अंश. मधल्या फळीवरच्या पाण्याच्या बाटलीत थर्मामीटर बुडवून ठेवलेला, तो दाराला चिकटवलेल्या छोट्या पडद्यावर आकडा दाखवतो, त्यामुळे दार उघडावं लागत नाही. सुरुवातीला ३ अंश. दोन तासांनी ६. चार तासांनी ९. सहा तासांनी १२. म्हणजे पहिल्या तासातच ४ची रेषा ओलांडली गेली आणि तिथून दोन तास मोजले, तर आमच्या फ्रीजचे चार तास जेमतेम तीन भरतात. आमचा फ्रीज एकदारी, जुना, दाराचं रबर थोडं सैल. शिवाय कोकणातला उकाडा. तुमचा नवा, दोनदारी असेल तर जास्त धरेल, पण किती ते तुमचाच थर्मामीटर सांगेल.

एकदारी फ्रीजमध्ये आणखी एक फसगत आहे. ४८ तासांचा आकडा जाड भिंतींच्या, स्वतंत्र दाराच्या फ्रीजरचा. आपल्या बर्फाच्या कप्प्याला पुढे नुसती प्लास्टिकची झडप असते आणि तो फ्रीजच्याच पोटात बसलेला असतो. खालची फळी गरम झाली की त्याचीही गार हवा खाली उतरते. त्यावर एक दिवसाचाही भरवसा धरू नये.

पुढच्या वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते येणार हे तीन-चार दिवस आधी कळलं. मी चार बाटल्या पाऊण भरून गोठवल्या (काठोकाठ भरल्या तर फुटतात), फ्रीजचं बटण सर्वात थंडवर नेलं. लाईट गेली तशा बाटल्या खालच्या फळ्यांवर उभ्या केल्या आणि प्लग काढला. सासूबाईंना म्हटलं, "आई, आता दार उघडायचं नाही हं." चार तासांनी थर्मामीटरवर ७. गेल्या वेळेपेक्षा दोनच अंश कमी! इतक्या खटाटोपाने एवढंच? कारण बाटली हवेत उभी होती, आणि हवेतून गारवा फार हळू जातो. दुधाच्या पिशवीला बाटली टेकवून फडक्यात गुंडाळलेली होती, ती पिशवी मात्र गारेगार होती.

उपाय शेवटी बंदरावरच सापडला. कोळी मासा फ्रीजमध्ये ठेवत नाहीत, थर्माकोलच्या पेटीत बर्फाचा एक थर, माशाचा एक थर, वर पुन्हा बर्फ असा रचतात. लहान पेटी आणि बर्फ अंगाला भिडलेला, हेच त्यातलं मर्म. दहा किलो चुरा आणि घट्ट झाकण असलं की दिवसभर काळजी नाही. तो बर्फ खायचा नसतो, म्हणून मासे, मटण पिशवीत बांधून ठेवायचे. आणि बर्फ आदल्या दिवशीच आणायचा, कारण लाईट गेली की बर्फाचा कारखानाही बंद.

बाकी फ्रीजचं फारसं मनावर घेऊ नये. लोणचं, मुरांबा, सॉस, लिंबं, भाज्या, न फोडलेलं डब्याचं दूध यांना दोन दिवसांत काही होत नाही. पिशवीचं दूध लाईट जाताच एकदाच दार उघडून काढावं, उकळावं आणि विरजण लावावं. ताक आंबट होईल एवढंच. खवलेला नारळ, डाळ, भात त्याच जेवणात संपवावेत. कप्प्यातलं काही अजून बर्फाच्या कणांसकट कडक असेल तर शिजवता किंवा परत गोठवता येतं. मऊ पडून कोमट झालं असेल तर नाही.

मुंबईहून गणपतीला गावच्या घरी येणाऱ्यांसाठी एक युक्ती. फ्रीज चालू ठेवून जाणार असाल तर वाटीभर पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवून जा. आल्यावर नाणं वरच असेल तर ठीक. तळाशी गेलेलं असेल तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय, दिसायला कितीही कडक असो.

आमचे निसर्गातले बांगडे सासूबाईंनी तिसऱ्या दिवशी माडाच्या आळ्यात पुरले. तुमच्याकडे तसे निघाले तर मांजरालाही घालू नका, पुरा.