आजीचा प्रश्न, आजीच्याच मराठीत

आजोबा रेल्वेत होते. त्यांच्या माघारी आजीला फॅमिली पेन्शन मिळते आणि ती चालू राहण्यासाठी दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. बँकेची पायरी चढणं आता तिला जड जातं. हा दाखला घरबसल्या निघतो असं तिच्या कानावर आलं होतं. फोन माझ्या हातात देत ती म्हणाली, "अरे, हे याला कसं विचारायचं ते मला दाखव. तू विचारून नको देऊस, मला विचारता आलं पाहिजे."

तिला दाखवताना तिच्या मनातले एकेक समज पुढे येत गेले. तेच समज मी शेजारच्या काकूंकडून आणि मित्रांच्या आईवडिलांकडूनही ऐकले आहेत. त्यांतले बरेचसे फोनच्या दोन-तीन सेटिंग्जपाशी येऊन सुटतात.

"फोन इंग्रजी आहे, त्याला माझं मराठी कसं कळणार?"

पडद्यावरची बटणं आणि सूचना कोणत्या भाषेत दिसतात ही एक गोष्ट, आणि आपण कोणत्या भाषेत लिहितो-बोलतो ही दुसरी. सगळा फोन इंग्रजीत ठेवूनही मराठीत विचारता येतं. फोन मराठीत करून टाकला तर उलट कधी कधी अडचणच होते. घरातल्या कुणाला फोनवरून सांगायचं झालं, की "सेटिंग्जमध्ये जा" म्हणावं आणि समोर ते बटण वेगळ्याच नावाने दिसावं, असं होतं. म्हणून आजीचा फोन आहे तसाच ठेवला आणि फक्त किबोर्डमध्ये मराठी जोडली.

बहुतेक अँड्रॉइड फोनवर Gboard हा किबोर्ड असतो. त्याच्या Settings मध्ये Languages, तिथे Add Keyboard, आणि यादीतून मराठी निवडायची. निवडल्यावर तो विचारतो की लिहायचं कसं. एक पर्याय देवनागरी अक्षरांच्या पाटीचा. दुसरा abc → मराठी, म्हणजे hayaticha असं इंग्रजी अक्षरांत लिहिलं की वर 'हयातीचा' दिसतं. तिसरा बोटाने पडद्यावर लिहिण्याचा, Handwriting नावाचा. नातवंडं सहसा आपल्या सवयीचा दुसरा पर्याय लावून देतात आणि आजी तिथेच अडते, कारण मराठी शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग करायची सवय तिला कधी लागलेलीच नसते. जिने आयुष्यभर हाताने वाणसामानाच्या याद्या आणि पत्रं लिहिली, तिच्यासाठी तिसरा पर्याय सगळ्यात सोपा. माझ्या आजीने बोटाने 'दाखला' लिहिलं आणि तो शब्द छापील अक्षरांत वर उमटलेला पाहून पुढचा शब्द न सांगताच लिहायला घेतला.

एकाहून जास्त भाषा जोडल्या की किबोर्डवर पृथ्वीगोलाची खूण येते. तिच्यावर बोट ठेवलं की भाषा बदलते, आणि सध्या कोणती भाषा चालू आहे ते स्पेसच्या लांब पट्टीवर लिहिलेलं असतं. लिहायला किंवा बोलायला लागण्याआधी त्या पट्टीकडे एकदा बघायचं, एवढी सवय पुरते.

"मी मराठीत बोलले, तर त्याने हिंदीच लिहिलं"

सगळ्यात जास्त माणसं इथे हरतात, आणि दोष आपल्या उच्चारांना देतात. खरं कारण असं, की फोनवर माईकची खूण दोन ठिकाणी असते आणि त्या दोन्हींची भाषा वेगवेगळी ठरते.

एक माईक गूगलच्या शोधपट्टीत असतो. दुसरा किबोर्डच्या वरच्या कडेला. किबोर्डवरचा माईक साधारणपणे किबोर्डच्या भाषेने चालतो, म्हणजे पट्टीवर 'मराठी' दिसत असेल तर तो मराठी ऐकतो. शोधपट्टीतल्या माईकला मात्र किबोर्डशी काही देणंघेणं नाही. त्याची भाषा गूगलच्या अ‍ॅपमध्ये, वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या खात्याच्या गोल चित्रावर बोट ठेवून, Settings, मग Voice, मग Languages इथे ठरते. फोनच्या बनावटीप्रमाणे ही नावं थोडी पुढेमागे असतात. तिथे हिंदी किंवा इंग्रजी लावलेली असेल, तर आपण कितीही स्वच्छ मराठी बोललो तरी तो आपल्या बोलण्यात हिंदी किंवा इंग्रजी शब्दच शोधत बसतो. मराठीत बोलून शोधण्याची सोय गूगलने 2017 मध्ये आणली. त्याआधी हात पोळलेली माणसं अजूनही 'मराठी चालत नाही' असं सांगतात, ते त्या जुन्या अनुभवावरून.

माईकची भाषा ओळखायची एक सोपी परीक्षा आहे. माईक दाबून म्हणायचं, "पिवळी केळी कुठे मिळतात?" पडद्यावर 'ळ' उमटला आणि 'कुठे' जसंच्या तसं आलं, तर माईक मराठीत आहे. 'ळ'च्या जागी 'ल' आला आणि 'कुठे'च्या जागी भलताच शब्द येऊ लागला, तर तो हिंदीत आहे. अशा वेळी पुन्हा पुन्हा बोलून काही होत नाही, सेटिंगमध्येच जावं लागतं.

दोन्ही माईकांचा स्वभावही वेगळा. शोधपट्टीतला माईक आपण जरा थांबलो की बोलणं संपलं असं धरतो आणि लगेच शोधायला निघतो. आजीने "हयातीचा..." म्हणून पुढचा शब्द आठवायला क्षणभर दम घेतला, आणि फोनने तेवढाच एक शब्द घेऊन भलतीच पानं समोर मांडली. किबोर्डवरचा माईक बोललेलं नुसतं लिहून ठेवतो. मग ते वाचायचं, चुकलं असेल तर दुरुस्त करायचं आणि भिंगाची खूण आपण होऊन दाबायची. सावकाश बोलणाऱ्या माणसाने हाच माईक वापरावा असं माझं स्पष्ट मत आहे. शोधपट्टीवर एकदा बोट टेकवलं की किबोर्ड उघडतो आणि त्याच्या वरच्या कडेला तो दिसतो.

आजीला आणखी एक भीती होती, की एकदा माईक दाबला की तो घरातलं सगळं बोलणं ऐकत राहतो. अँड्रॉइडच्या बाराव्या आवृत्तीपासून एखादं अ‍ॅप माईक वापरत असेल तर पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. बोलणं संपलं की ती गेली का, ते आपल्या डोळ्यांनी बघता येतं.

"शब्द तोडून, शुद्ध बोलावं लागतं"

याच्या नेमकं उलट आहे. बोलणं ओळखणारी यंत्रणा अख्ख्या वाक्यांवर तयार झालेली असते आणि एका शब्दावरून पुढच्याचा अंदाज बांधते. "हयातीचा. दाखला. कसा." असं तोडून बोललं की तो अंदाजच बांधता येत नाही. शेजारणीला विचारावं तशा ओघात बोललं की ती जास्त बरोबर लिहिते. म्हणून आधी मनात वाक्य जुळवायचं आणि मगच माईक दाबायचा. टीव्ही तेवढा बंद असावा. ह्रस्व-दीर्घाची चिंताही नको. 'हयातिचा' लिहिलं काय आणि 'हयातीचा' काय, शोध दोन्ही समजून घेतो. गावांची आणि माणसांची नावं मात्र माईक हमखास बिघडवतो, ती वाचून बघावीत.

"तारेसारखं थोडक्यात विचारावं"

मराठीपुरता हा सल्ला फसवा आहे. हिंदी आणि मराठीची लिपी एकच. आजीने आधी नुसतं 'जीवन प्रमाण' लिहिलं, तर ढिगाने हिंदी पानं आली. ते दोन्ही शब्द हिंदीतही तसेच लिहिले जातात, मग फोनला आपली भाषा कळावी कशी? 'कसा काढायचा' किंवा 'कुठे मिळतो' असे शब्द आले की प्रश्न मराठी असल्याचं कळतं.

दुसरं वाक्य होतं, "हयातीचा दाखला कसा काढायचा". आता पानं मराठी आली, पण कामाची थोडीच. हयातीचा दाखला राज्य सरकारच्या पेन्शनरांना लागतो, भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शनवाल्यांना लागतो, संजय गांधी निराधार योजनेतही लागतो, आणि प्रत्येकाची रीत वेगळी. आपली पेन्शन कोणती हे प्रश्नातच सांगायला हवं होतं. शेवटी तिने बोलून लिहिलेलं वाक्य असं: "रेल्वेच्या फॅमिली पेन्शनसाठी हयातीचा दाखला घरी मोबाईलवर कसा काढायचा". यावर हवं ते मिळालं. ऑनलाइन दाखल्याचं सरकारी नाव जीवन प्रमाण. ते 2014 पासून चालू आहे आणि आता बोटाचा ठसा देण्याचं यंत्र नसलं तरी फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवून दाखला निघतो. त्यासाठी Jeevan Pramaan आणि AadhaarFaceRD ही दोन अ‍ॅप लागतात. हाताशी आधार क्रमांक, पेन्शनचा पीपीओ क्रमांक, बँक खात्याचा क्रमांक आणि मोबाईल ठेवायचा. वयाची ऐंशी वर्षं पुरी झालेल्या केंद्रीय पेन्शनरांना तो 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो, हेही तिथेच कळलं. आजी ब्याऐंशीची आहे.

"सगळ्यात वर आलं ते खरं"

हा समज मोडून काढणं मला सगळ्यात गरजेचं वाटतं, कारण इथे पैसे जातात. शोधाच्या यादीत वरची एक-दोन पानं पुष्कळदा जाहिरातीची असतात. त्यांच्यापाशी Sponsored किंवा 'प्रायोजित' असं बारीक लिहिलेलं असतं. पैसे भरून जाहिरात कुणालाही देता येते, भामट्यालाही. पेन्शन किंवा बँकेचा हेल्पलाइन नंबर शोधणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी खोटे नंबर मुद्दाम पेरून ठेवलेले असतात. त्यावर फोन केला की पलीकडचा माणूस अतिशय आदराने, कधी कधी चांगल्या मराठीत बोलतो आणि ओटीपी मागतो.

म्हणून पान उघडण्याआधी त्याचा पत्ता वाचायचा. केंद्र सरकारच्या पानांचा पत्ता बहुधा .gov.in ने संपतो. जीवन प्रमाणचा पत्ता jeevanpramaan.gov.in असा आहे. अक्षरं तीच पण शेवटी .com किंवा आणखी काही शेपूट असेल, तर ते पान सोडून द्यायचं. बँकेचा नंबर शोधायचाच नाही, तो पासबुकावर किंवा एटीएम कार्डाच्या मागे छापलेला असतो. अ‍ॅपही कुणी पाठवलेल्या लिंकवरून घ्यायचं नाही, प्ले स्टोअरमध्ये जाऊनच घ्यायचं.

आजीने विचारलं, "आणि चुकून सांगून बसले तर?" तर लाजून गप्प न राहता त्याच मिनिटाला 1930 वर फोन करायचा. सायबर फसवणुकीसाठीचा हा सरकारी नंबर आहे, आणि जितक्या लवकर कळवावं तितकी पैसे अडवून धरण्याची शक्यता जास्त. तो तिने स्वतःच्या हाताने पेन्शनच्या पासबुकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.