निफाडची थंडी आणि बारावे पॅनेल

जानेवारीत निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली उतरला की द्राक्षबागायतदार घड वाचवायला बागेत शेकोट्या पेटवतात. त्याच पहाटे गच्चीवरच्या सौर पॅनेलवर दव साचलेले असते. मोकळ्या आकाशाखाली काच रात्रभर उष्णता गमावते, म्हणून पॅनेल हवेपेक्षाही एक-दोन अंश गार असू शकते. ऊन पडते, पण इन्व्हर्टर सुरू होत नाही आणि स्क्रीनवर जादा डीसी व्होल्टेजची सूचना दिसते. दहाच्या सुमारास सगळे आपोआप सुरळीत होते, म्हणून घरातले लोक तिकडे लक्ष देत नाहीत. लक्ष द्यायलाच हवे, कारण थंडीतल्या सकाळीच येणारी आणि ऊन तापल्यावर जाणारी ही सूचना बहुतेक वेळा स्ट्रिंगमध्ये पॅनेल जास्त झाल्याची खूण असते.

पॅनेलमधल्या सिलिकॉनच्या सेलवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन मोकळे होतात. बाहेर वीज ओढणारे काहीच जोडलेले नसेल तर ते आतल्या आत पुन्हा आपल्या जागी परततात. मोकळे होणे आणि परतणे यांचा मेळ जिथे बसतो, ते ओपन सर्किट व्होल्टेज. सेल तापली की परतण्याचा वेग झपाट्याने वाढतो आणि व्होल्टेज उतरते. गार पडली की ही गळती मंदावते आणि व्होल्टेज चढते. एका सेलमागे हा फरक दर अंशाला साधारण दोन मिलिव्होल्ट, म्हणजे नगण्य. पण एका मोठ्या पॅनेलमध्ये अशा ७२ सेल एकापुढे एक असतात आणि स्ट्रिंगमध्ये दहा-बारा पॅनेल. तिथे ही बेरीज मोठी होते.

प्रकाश मात्र व्होल्टेजवर फार परिणाम करत नाही. ऊन निम्मे झाले तर करंट निम्मा होतो, व्होल्टेज जेमतेम दोन-तीन टक्के घटते. त्यामुळे कोवळ्या उन्हातही स्ट्रिंग जवळजवळ पूर्ण व्होल्टेज दाखवते. इन्व्हर्टरने वीज ओढायला सुरुवात केली की व्होल्टेज खाली येते. पण सकाळीच गावातली लाइट गेली तर इन्व्हर्टर बंद पडतो आणि स्ट्रिंग पुन्हा मोकळी होते.

आता हिशोब करू. पॅनेल ५४० वॅटचे, त्याच्या लेबलवर ओपन सर्किट व्होल्टेज ४९.५. हा आकडा सेलचे तापमान २५ अंश धरून दिलेला असतो. माहितीपत्रकात तापमानाचा गुणांक उणे ०.२७ टक्के प्रति अंश. इन्व्हर्टरची कमाल डीसी मर्यादा ६०० व्होल्ट. बारा पॅनेल एका ओळीत जोडली तर ५९४ व्होल्ट होतात. कागदावर सगळे ठीक. पण सेल शून्य अंशाला धरली तर फरक २५ अंशांचा, वाढ पावणेसात टक्के आणि व्होल्टेज ६३४. अकरा पॅनेलला तोच आकडा ५८१ येतो.

हा हिशोब पूर्ण ऊन धरून केलेला आहे. पहाटे ऊन कमी असते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा बहुतेक दिवशी याहून कमी राहील. तरीही मी ती सूट घेणार नाही. पॅनेलच्या लेबलवरच्या व्होल्टेजमध्येच दोन-तीन टक्के इकडेतिकडे चालते, आणि कमाल मर्यादा ओलांडली तर इन्व्हर्टरच्या आतले कपॅसिटर आणि ट्रान्झिस्टर कायमचे जाऊ शकतात. सूचना देऊन इन्व्हर्टर बंद राहिला तरी तारांवरचे व्होल्टेज त्याच्या टोकांपर्यंत पोहोचलेलेच असते. त्यातच अशा बिघाडाला वॉरंटीत जागा मिळणे कठीण.

मग बारावे पॅनेल काढून टाकायचे का? त्याची गरज नाही. इन्व्हर्टरला दोन एमपीपीटी असतील तर सहा-सहाच्या दोन स्ट्रिंग करा. प्रत्येकीचे व्होल्टेज शून्य अंशालाही ३१७ च्या आसपास राहते. मे महिन्यात सेल ७० अंशांपर्यंत तापल्या तरी सहा पॅनेल चालू स्थितीत २०० व्होल्टच्या आसपास देतात. इन्व्हर्टरची एमपीपीटी श्रेणी त्याच्या खालून सुरू होते ना, एवढे पाहून घ्या. एमपीपीटी एकच असेल तर अकरावर थांबा.

हिशोबात तापमान निवडताना सरासरी थंडी धरू नका; आपल्या तालुक्यात आजवर नोंदलेला नीचांक धरा. मर्यादा बघताना एमपीपीटीची वरची सीमा आणि कमाल डीसी व्होल्टेज यांत गल्लत होऊ देऊ नका. आणि मल्टिमीटर घेऊन स्वतः तपासायला जाऊ नका; ६०० व्होल्टची डीसी माणसाचा जीव घेते.

सोलर बसवणाऱ्याकडून कोटेशन घ्याल तेव्हा एक ओळ लिहून मागा: सर्वांत कमी तापमानाला प्रत्येक स्ट्रिंगचे ओपन सर्किट व्होल्टेज किती, आणि इन्व्हर्टरची मर्यादा किती.