प्रास्ताविकाआधीची दहा मिनिटे

जुलै संपत आला की रत्नागिरीतल्या शाळा-महाविद्यालयांत वक्तृत्व स्पर्धांची गडबड सुरू होते. लोकमान्य टिळकांचा जन्म याच गावातला, २३ जुलै १८५६ चा, आणि पुण्यतिथी १ ऑगस्टची. स्पर्धेतली मुले पंधरा दिवस आधीपासून भाषण घोकत असतात. प्रास्ताविक करणारे शिक्षक मात्र सकाळपासून खुर्च्या, हार, समई आणि माइक यांच्या मागे धावत असतात आणि तसेच धापा टाकत व्यासपीठावर चढतात. मग ‘सन्माननीय व्यासपीठ’ हे पहिले दोन शब्द नेहमीच्या आवाजापेक्षा दोन-तीन सूर वर लागतात आणि पुढचे सगळे प्रास्ताविक त्याच चढ्या पट्टीत जाते. पाच मिनिटांत घसा कोरडा पडतो, वाक्यांची टोके विरून जातात आणि मागच्या रांगेला प्रमुख पाहुण्यांचे नावच ऐकू येत नाही.

हे का होते, ते समजले की उपाय सोपा वाटतो. आवाज निघतो तो स्वरयंत्रातल्या दोन स्वरतंतूंच्या कंपनातून. बोलताना पुरुषांचे स्वरतंतू सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा, तर स्त्रियांचे साधारण २०० वेळा कंप पावतात. तंतू ताणले गेले की ही संख्या वाढते आणि सूर वर जातो. तंबोऱ्याची खुंटी पिळावी तसे. सभेपुढे उभे राहताना शरीर सावध होते, मान आणि जबड्याचे स्नायू आवळतात, स्वरयंत्र वर ओढले जाते आणि श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो. या सगळ्याचा परिणाम म्हणजे ताणलेले तंतू आणि अपुरी हवा.

कोकणात पावसाळ्यात त्यात आणखी एक भर पडते. सभागृहावर पत्र्याचे छप्पर असेल आणि बाहेर सर कोसळत असेल, तर बोलणारा नकळत आवाज चढवतो. आजूबाजूचा गोंगाट वाढला की माणूस आपोआप मोठ्याने आणि वरच्या सुरात बोलू लागतो, हे एतिएन लोम्बार्ड या फ्रेंच कान-नाक-घसा तज्ज्ञाने १९११ मध्ये नोंदवले. आजही या प्रकाराला त्याचेच नाव आहे. माइक समोर असूनही पावसाशी स्पर्धा करणारा वक्ता याच सवयीचा बळी असतो.

या अवस्थेत ‘आवाज जरा खाली घ्या’ एवढे सांगून भागत नाही. सूर वर नेण्यासाठी तंतू ताणणारा स्नायू असतो. सूर खाली येतो तो मुख्यतः तो ताण सुटल्यावर. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी श्वास, मग गुणगुणणे आणि शेवटी खालची पट्टी.

एका माध्यमिक शाळेतल्या, पंचेचाळिशीच्या बाईंचे उदाहरण घेऊ. कार्यक्रम दहा वाजता आहे. पावणेदहाला बाई सगळी कामे सहकाऱ्यांवर सोपवून बाजूच्या रिकाम्या वर्गात जातात. पहिली तीन मिनिटे श्वासाची. पाय जमिनीवर टेकवून, खांदे सैल सोडून त्या उभ्या राहतात आणि एक हात पोटावर ठेवतात. नाकाने तीन-चार अंक मोजेपर्यंत श्वास घ्यायचा; हात पुढे सरकला पाहिजे, खांदे वर उचलले जाता कामा नयेत. मग दातांमधून ‘स्स्स’ असा बारीक आवाज काढत दहा-बारा अंक मोजेपर्यंत श्वास सोडायचा. हा ‘स्स्स’ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा हवा. सुरुवातीला जोरात आणि शेवटी तुटक येत असेल, तर बोलतानाही हवा तशीच वाया जाणार आहे. असे पाच वेळा पुरे. जोरजोरात, भराभर श्वास घेतल्यास रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. डोके हलके होते, बोटांना मुंग्या येतात. तसे झाले तर थांबून नेहमीसारखा श्वास घ्यावा.

लांबवलेल्या उच्छ्वासाने छातीतली धडधडही थोडी उतरते. पण त्याचा खरा उपयोग पुढे, वाक्याच्या शेवटी होतो. मराठीत क्रियापद शेवटी येते, ‘नाही’ही शेवटीच येते. श्वास आधीच संपला तर उरलेल्या शब्दांसाठी घसा आवळावा लागतो आणि वाक्याचा अर्थ ज्या शब्दावर आहे तोच खरखरीत निघतो.

पुढची चार मिनिटे गुणगुणण्याची. ओठ अलगद मिटलेले, आत दातांमध्ये थोडी फट, जीभ सैल. या स्थितीत सोयीच्या सुरात, हळू आवाजात पाच-सहा सेकंद ‘म्…’ म्हणायचे. ओठांना आणि नाकाच्या बाजूंना गुदगुल्या झाल्यासारखे वाटले की ते बरोबर जमले. ओठांना काहीच जाणवत नसेल आणि घशात मात्र दाब वाटत असेल, तर आवाज ढकलला जात आहे. आवाज आणखी हळू करावा. पाच-सहा वेळा असे झाल्यावर त्याच ‘म्’ला थोडे वर नेऊन सावकाश खाली आणायचे. प्रश्न विचारतानाचा ‘हं?’ आणि कबुली देतानाचा ‘हं.’ यांत जेवढी चढ-उतार असते, तेवढीच.

गुणगुणण्याने घडते ते असे. तोंड मिटलेले असल्याने आवाजाची वाट अरुंद होते आणि स्वरतंतूंच्या वरच्या बाजूला हवेचा हलका दाब तयार होतो. त्यामुळे तंतू एकमेकांवर जोरात आपटत नाहीत आणि कमी श्रमात कंप पावतात. पावसाळ्यात सर्दीने नाक चोंदले असेल, तर हे जमत नाही. अशा वेळी पेल्यात पाणी घेऊन त्यात स्ट्रॉ दोन-तीन सेंटिमीटर बुडवावी आणि ‘ऊ’ म्हणत बुडबुडे काढावेत. मुले मोटार चालवताना ओठांनी ‘फर्रर्र’ करतात, तो प्रकारही चालतो. तिन्ही गोष्टींमागचे तत्त्व एकच आहे.

राहिलेली तीन मिनिटे पट्टीची. शास्त्रीय गायक पहाटे खर्जाचा रियाज करतात हे अनेकांना माहीत असते, आणि म्हणून बोलण्याआधी शक्य तितका खोल आवाज काढून पाहण्याचा मोह होतो. गायकाचा खर्ज वर्षांच्या सरावाने कमावलेला असतो, शिवाय सकाळी झोपेतून उठल्यावर स्वरतंतू किंचित सुजलेले असल्याने सर्वांचाच आवाज थोडा खाली असतो. सकाळी दहा वाजता, घाबरलेल्या अवस्थेत तो सूर शोधू नये. ताण न घेता लागणारा सर्वांत खालचा सूर ‘सा’ धरला, तर बोलण्याचा सूर त्याच्या वर साधारण ‘ग’च्या आसपास असावा. पेटी नसेल तरी अडत नाही. समोरच्याचे बोलणे पटल्यावर आपण सहज ‘हं, हं’ म्हणतो. तो सूर बहुधा योग्यच असतो. बाई तसे ‘हं, हं’ म्हणतात, त्याच सुरात ‘एक, दोन, तीन’ मोजतात आणि त्याच सुरात प्रास्ताविकाचे पहिले वाक्य तीनदा म्हणतात. पहिले वाक्य खाली लागले, की पुढची वाक्ये त्याला धरून येतात.

इथे होणारी चूक म्हणजे हनुवटी छातीकडे दाबून, घसा खाली ढकलून भारदस्त आवाज काढणे. तो ओळखायचा कसा? आवाज खाली गेला पण बारीक झाला, शब्दांच्या शेवटी दार करकरावे तशी करकर येऊ लागली, किंवा दोन मिनिटांत खाकरावेसे वाटले, तर पट्टी जास्त उतरली आहे. दोन सूर वर यावे. मोबाइलवर अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ऐकले की हे लगेच कळते.

पाहुणे वेळेवर येतीलच असे नाही. या तयारीचा परिणाम पूर्ण सकाळभर टिकत नाही. तासभर गप्प बसल्यावर पुन्हा सुरुवातीपासून करावी लागते. मात्र दीपप्रज्वलन आणि स्वागतगीत चालू असताना चार-पाच वेळा हळू गुणगुणले, तर शेजारच्या खुर्चीवरही कळत नाही. खाकरून घसा साफ करण्यापेक्षा पाण्याचा घोट घेऊन गिळावा, कारण खाकरताना स्वरतंतू एकमेकांवर जोरात आपटतात. तो घोट थेट स्वरतंतूंवर पडत नाही, तो अन्ननलिकेत जातो. त्यामुळे स्वरतंतूंचा ओलावा हवा असेल, तर पाणी सकाळपासून थोडे थोडे प्यायला हवे. ऐन वेळी संपवलेल्या बाटलीचा उपयोग नाही. मेन्थॉलच्या गोळीने घसा बधिर वाटतो आणि ताण पडत असूनही तो जाणवत नाही. माइक तोंडापासून चार बोटांवर ठेवावा, आणि पावसाची मोठी सर आली तर आवाज चढवण्याऐवजी ध्वनिक्षेपकवाल्याला खूण करावी.

या दहा मिनिटांना मर्यादाही आहेत. त्यांनी सभेची भीती जात नाही, फक्त ती घशात उतरत नाही. सर्दी-तापाने आवाज पार बसला असेल, तर स्वरतंतूंना सूज असते. त्यावर गुणगुणणे हा इलाज नाही. जोर लावून कुजबुजणे तर आणखी त्रासदायक. त्या दिवशी प्रास्ताविकाचा कागद सहकाऱ्याकडे द्यावा आणि आवाजाला विश्रांती द्यावी. गुणगुणताना घसा दुखत असेल तरीही थांबावे.

शिक्षकांना रोज पाच-सहा तास बोलावे लागते, म्हणून त्यांच्यात स्वरतंतूंवर गाठी येण्याचे प्रमाण जास्त असते. संध्याकाळी आवाज घोगरा होतो आणि रविवारी सुधारतो, ही त्याची सुरुवातीची खूण. कोणाचाही आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ घोगरा राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्राची तपासणी करून घ्यावी. नाकातून किंवा तोंडातून छोटी दुर्बीण घालून होणारी ही तपासणी काही मिनिटांची असते. तंबाखू, मिश्री किंवा विडी-सिगारेटची सवय असणाऱ्यांनी ती अजिबात पुढे ढकलू नये, कारण स्वरयंत्राच्या कर्करोगाचे पहिले लक्षण पुष्कळदा एवढेच असते, आणि त्या टप्प्यावर तो सापडला तर बरा होण्याची शक्यता खूप चांगली असते.