अंकांची बेरीज बाकी का सांगते?

३, ९ आणि ११ यांच्या विभाज्यतेच्या कसोट्या शाळेत तीन वेगळे नियम म्हणून पाठ केल्या जातात. त्यांची सिद्धता मात्र एकच आहे. फरक आहे तो १० ला भागल्यावर उरणाऱ्या बाकीचा.

कार्ल फ्रीडरिख गाउस यांनी १८०१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ≡ हे चिन्ह वापरले. दोन संख्यांमधील फरकाला म ने निःशेष भाग जात असेल, तर त्या म या मापांकासाठी समशेष होत; ≡ हे चिन्ह तेच सांगते. समशेष संख्यांची बेरीज आणि गुणाकारही समशेषच राहतात. पुढची सगळी सिद्धता या एका गुणधर्मावर उभी आहे.

एककस्थानापासून अ, ब, क, ड असे अंक असलेली संख्या म्हणजे अ + १०ब + १००क + १०००ड. मापांक ९ घेतला तर १० ≡ १, म्हणून १० चा प्रत्येक घातही १ शी समशेष. त्यामुळे संख्या ≡ अ + ब + क + ड. अंक कितीही असोत, युक्तिवाद बदलत नाही. इथे केवळ भाग जातो की नाही एवढेच कळत नाही, तर बाकीही तीच मिळते. ३ हा ९ चा विभाजक असल्यामुळे ३ साठी वेगळे काही सिद्ध करावे लागत नाही.

मापांक ११ साठी १० ≡ −१. सम घात १ शी आणि विषम घात −१ शी समशेष होतात, म्हणून संख्या ≡ अ − ब + क − ड. भाग जातो का एवढेच पाहायचे असेल, तर सुरुवात कुठल्याही टोकाकडून करावी. बाकी हवी असेल तर एककापासूनच. १२३४ साठी ४ − ३ + २ − १ = २ ही खरी बाकी आहे. डावीकडून मोजल्यास −२, म्हणजे ९ येते, आणि ते चूक आहे.

या कसोट्यांचा खरा उपयोग गुणाकार तपासताना दिसतो. ३४७ × २८६ = ९९२४२. मापांक ९ साठी ३४७ ≡ ५ आणि २८६ ≡ ७. ३५ ची बाकी ८, आणि उत्तराच्या अंकांची बेरीज २६, तिचीही बाकी ८. आता लिहिताना शेजारचे दोन अंक उलटे पडून ९९४२२ झाले, तर बेरीज २६ च राहते आणि ९ ची कसोटी फसते. ११ ची फसत नाही. २८६ ला ११ ने भाग जातो, म्हणून उत्तरालाही जायला हवा; पण २ − २ + ४ − ९ + ९ = ४. शेजारचे अंक बदलल्यावर ही बेरीज त्यांच्या फरकाच्या दुपटीने बदलते. वेगळ्या अंकांतला फरक १ ते ९ असतो, त्यामुळे त्याची दुप्पट ११ च्या पटीत कधीच येत नाही.

एक स्थान सोडून असलेले अंक उलटे पडले, तर दोन्ही कसोट्या निरुपयोगी ठरतात. ९९२४२ ऐवजी ९४२९२ लिहिले तरी दोन्हींत ते खरे ठरते, कारण १००० आणि १० यांतील फरक ९९० आहे आणि त्याला ९ नेही भाग जातो, ११ नेही.