मीम वेळापत्रकाचं, पत्र मॅडमना

समजा, तालुक्याच्या एखाद्या कॉलेजात एस.वाय.बी.एस्सी.च्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक चित्र येतं. एसटी स्टँडच्या बाकड्यावर बॅग उशाला घेऊन एक जण गाढ झोपलाय आणि वर लिहिलंय, ‘7:20 चं लेक्चर झालं, पुढचं 12:10 ला. उठवू नका.’ वर्ग पोट धरून हसतो. दुपारी कुणीतरी स्क्रीनशॉट पुढे ढकलतो आणि संध्याकाळपर्यंत तो स्टाफरूममध्ये पोचलेला असतो. वेळापत्रक बसवणाऱ्या मॅडमना त्यात झोपलेला पोरगा दिसत नाही, स्वतःचं वेळापत्रक दिसतं.

‘आम्ही प्रेमानंच केलं होतं’ हे त्यांना पटायचं कसं? जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांनी काही वाक्यं मनापासून आणि काही उपरोधानं लिहून ईमेलने पाठवली. आपला सूर सुमारे 78 टक्के वेळा ओळखला जाईल, असं पाठवणाऱ्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात तो 56 टक्के वेळाच ओळखला गेला. डोळे मिटून उत्तर दिलं असतं तरी निम्मी बरोबर आलीच असती! लिहिताना आपला आवाज आपल्याच कानात वाजत असतो, वाचणाऱ्याला तो ऐकू येत नाही.

म्हणून पत्रात ‘हेतू वाईट नव्हता’ एवढं लिहून भागत नाही. चित्रातलं हसू कोणावर होतं, ते सांगावं लागतं. असं :

‘आदरणीय मॅडम, सादर नमस्कार. ते मीम मी केलं. चित्रातला झोपलेला मुलगा म्हणजे आम्ही, सहाच्या एसटीने येणारे. वाचनालयात डोकं टेकून झोपतो म्हणून एकमेकांना चिडवतो, त्यातून ते सुचलं. पण वेळापत्रक तुम्ही बसवता, हे ठाऊक असूनही तुम्ही ते पाहिलंत तर काय वाटेल, याचा मी विचार केला नाही. तुमच्या कष्टांची टिंगल झाल्यासारखं दिसलं, याबद्दल मनापासून क्षमा मागतो. ग्रुपवरून ते काढलं आहे आणि का काढलं तेही तिथे लिहिलं आहे.’

यात ‘तुम्हाला वाईट वाटलं असेल तर’ नाही. त्या ‘तर’ने दोष वाचणाऱ्याच्या हळवेपणावर जातो. ‘गंमत म्हणून घ्या’ही नाही. गंमत कशी घ्यायची हे विद्यार्थ्याने शिक्षकाला शिकवायचं नसतं.

पत्राला खरं वजन येतं ते पुढच्या चार ओळींनी, आणि त्यासाठी आधी थोडी चौकशी करावी लागते. हे एवढं मोठं भगदाड पडलं कशामुळे? राज्यातल्या संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून नवं शैक्षणिक धोरण आलं. त्यात ओपन इलेक्टिव्ह विषय आपल्या विद्याशाखेबाहेरचा घ्यावा लागतो. म्हणजे रसायनशास्त्राचा मुलगा कॉमर्सच्या किंवा आर्ट्सच्या वर्गात जाऊन बसणार. त्यासाठी तिन्ही शाखांची मुलं एकाच वेळी आवारात हवीत. कॉमर्स सकाळी भरत असेल आणि सायन्स दुपारपर्यंत चालत असेल, तर दोन्हींना जमणारा तास 12:10 चाच उरतो. वेळापत्रक करताना असे सामाईक तास आधी ठोकून ठेवतात. मग प्रयोगशाळा, कारण प्रयोगशाळा एक आणि बॅचेस अनेक. त्यानंतर तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, जे ठरावीक वारीच येतात. मुख्य विषयाची लेक्चर्स उरलेल्या फटींत बसतात. एक तास हलवला की तीन वर्ग हलतात.

हे समजून घेतल्यावर मुलगा लिहू शकतो, ‘आमचं ओपन इलेक्टिव्ह 12:10 लाच का, ते आता कळलं. त्याआधीचा वेळ प्रयोगशाळेत दुसरी बॅच असल्यामुळे मोकळा राहतो, हेही कळलं.’ या ओळींनंतर मीममागच्या आपुलकीवर विश्वास ठेवायला मॅडमना काहीतरी आधार मिळतो. मात्र ‘तरी सोमवारचा तास बदलता आला तर...’ हा मोह इथेच आवरावा. ती मागणी रास्त असली तरी वर्गप्रतिनिधीमार्फत वेगळ्या अर्जात जावी. क्षमेच्या पत्राला मागणी जोडली की क्षमा ही प्रस्तावना होऊन बसते.

प्रकरण प्राचार्यांकडे गेलं असेल, तर कार्यालय ‘लेखी खुलासा’ मागतं. तो फाइलीत जातो, त्याची भाषाही ठरलेली असते. त्याचीच झेरॉक्स मॅडमना देऊ नये. त्यांचं पत्र हाताने लिहिलेलं, एका पानाचं असावं आणि स्वतः नेऊन द्यावं. व्हॉट्सॲपवर पाठवलं, तर त्याचाही स्क्रीनशॉट निघू शकतो.

एक मर्यादा मात्र आहे. चित्रात मॅडमचा फोटो असेल किंवा त्यांच्या बोलण्याची नक्कल असेल, तर ‘प्रेमानं केलं’ हे लिहूच नये. तिथे हसू सरळ माणसावरच असतं आणि नुसती क्षमा मागणं एवढंच उरतं.