एकमेकींवर चढलेल्या दोन पट्ट्या

आठ दिवसांची किमान तापमानं समजा अशी आहेत: १४, ११, १३, १२, १५, ९, १०, १६. दुसऱ्या ते सातव्या दिवसातला नीचांक कोणता? इथे नजर फिरवली की ९ सापडतो. पण नोंदी दहा लाख असतील आणि असे प्रश्न लाखोंनी येत असतील, तर दर वेळी सगळा पट्टा चाळणं परवडत नाही. शक्य त्या प्रत्येक पट्ट्याचं उत्तर आधीच लिहून ठेवावं, तर ती उत्तरं होतात सुमारे ५० हजार कोटी.

स्पार्स टेबल यातली मोजकीच उत्तरं साठवतं. प्रत्येक जागेपासून सुरू होणाऱ्या १, २, ४, ८ अशा दुपटीच्या लांबीच्या पट्ट्यांचे नीचांक, बस्स. दोन ते पाच या पट्टीसाठी (२,३) चा नीचांक ११ आणि (४,५) चा १२ तयारच असतात. त्यांतला लहान, म्हणजे ११, लिहायचा. अशा रीतीने प्रत्येक लांबी तिच्या निम्म्या लांबीवरून एका तुलनेत भरते. दहा लाख नोंदींना २० ओळी आणि साधारण १ कोटी ९० लाख आकडे लागतात.

आता मूळ प्रश्न. दोन ते सात म्हणजे सहा दिवस, आणि सहाची पट्टी तक्त्यात नाही. सहात मावणारी सर्वांत मोठी लांबी चार. एक पट्टी डावीकडून लावायची, दोन ते पाच: ११. दुसरी उजव्या टोकाला टेकवायची, चार ते सात: ९. उत्तर ९. पट्टा कितीही लांब असो, दोनच आकडे वाचायचे आणि एकदाच तुलना करायची.

चौथा आणि पाचवा दिवस दोनदा मोजला गेला, तरी नीचांकाला त्याने काही होत नाही. मला या पद्धतीत सर्वांत सुंदर वाटते ती हीच गोष्ट. बेरजेला मात्र हे चालत नाही: दोन्ही पट्ट्यांची मिळून ९७ भरते, खरी बेरीज ७०, जादाचे २७ त्याच दोन दिवसांचे.

प्रोग्राममध्ये हे दोन ओळींत बसतं:

```
k = 31 - __builtin_clz(r - l + 1);
ans = min(st[k][l], st[k][r - (1 << k) + 1]);
```

चूक बहुधा शेवटच्या `+ 1` पाशी होते. तो राहिला की दुसरी पट्टी तीन ते सहा अशी सरकते आणि सातवा दिवस सुटतो. आपल्या उदाहरणात तरीही ९ च येईल, म्हणून चूक लपून राहते. या पट्ट्यात नीचांक शेवटच्या दिवशी असेल तेव्हाच ती उघडी पडते. म्हणून छोट्या यादीतल्या प्रत्येक पट्ट्याचं उत्तर साध्या चाळणीशी ताडून पाहावं.

आकडे बदलत राहणार असतील, तर हा तक्ता वापरू नये. दहा लाखांच्या मधोमधची एक नोंद बदलली, तर एकट्या शेवटच्या ओळीतल्याच पावणेपाच लाख पट्ट्यांत ती असते. तिथे सेगमेंट ट्री बरं: उत्तराला विसेक पायऱ्या लागतात, पण दुरुस्तीही तेवढ्यातच होते.